दुचाकीची टेस्ट: इंग्रजी आठमध्ये उजव्या वळणात पाय टेकतो, चढावर गाडी मागं सरकते

येळ्ळूरकर

नमस्कार मंडळी. धाकट्या बहिणीची दुचाकीची टेस्ट जवळ आली आहे. घरच्या स्कूटरवर तिचा हात चांगला बसलाय, पण तिला गिअरच्या गाडीचंच लायसन्स काढायचंय. बचत गटांच्या कामासाठी खानापूरकडच्या वाड्यांवर जावं लागणार आणि ऑफिसकडून मिळणारी गाडी गिअरची आहे. सराव मामांच्या जुन्या स्प्लेंडरवर चाललाय. मामा चंदगडचे, म्हणून गाडी एमएच ०९ पासिंगची.

अडचणी दोन. पहिली आठची. गावाबाहेर डांबरी मोकळ्या जागेवर दोन दगड ठेवून ती आठ काढते. डावीकडचा गोल सुरेख येतो. मधली रेघ ओलांडून उजव्या गोलात शिरली की अर्ध्यावर गाडी आत झुकते आणि उजवा पाय खाली येतो. दरवेळी जागा जवळपास तीच. दुसरी अडचण चढाची. राजहंसगडाच्या रस्त्यावर थांबवून परत निघायला सांगितलं की एक तर गाडी बंद पडते, नाहीतर आधी हातभर मागं येते.

उंची बेताची आहे, पाच फुटांच्या आसपास. घाबरट अजिबात नाही. मग उजवीकडंच असं का होतंय?

वेगवान पाटील

सोपं आहे की! वेग कमी पडतोय. दुचाकी वेगावरच उभी राहते. सेकंड गिअर टाका, क्लच पूर्ण सोडा आणि बिनधास्त फिरवा. क्लचला हात लावायचाच नाही, हाफ क्लच दिसला की साहेब मार्क कापतात. आणि पुढचा ब्रेक विसरून जायचा.

सुळग्याचा संतू

चढासाठी हँडब्रेक ओढून धरायचा, क्लच सोडत आणायचा, गाडीचं नाक उचललं की हँडब्रेक खाली. मी असंच पास झालो. कपिलेश्वर उड्डाणपुलावर रोज करतो.

येळ्ळूरकर

संतूदादा, तुम्ही चारचाकीचं सांगताय. हिची स्प्लेंडर आहे.

सुळग्याचा संतू

अरे हो, मी नुसतं चढ वाचलं. पण तत्त्व तेच की. आधी ओढ आली पाहिजे, मग ब्रेक सुटला पाहिजे. दुचाकीला हँडब्रेकच्या जागी पायाचा ब्रेक, एवढाच फरक.

निपाणीची आक्का

मी बरीच वर्षं बायका-मुलींना गाडी शिकवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पाटीलदादांचं अर्धं बरोबर आहे. वेग वाढला की गाडी सावरते, हे खरंच. पण आठच्या लहान गोलात वेग वाढला की गोलही मोठा होतो, आणि रेघेबाहेर गेलं तर पाय न टेकताही उपयोग नाही. तिथं गाडी चालते माणसाच्या भरभर चालण्याच्या वेगानं. त्या वेगाला क्लच पूर्ण सोडला तर इंजिन हिसके देतं आणि सेकंडला असेल तर बंदही पडतं. हाफ क्लचला मार्क कापतात हे मी कुठंही पाहिलेलं नाही. हाफ क्लचशिवाय हळू गाडी चालवताच येत नाही.

आता बहिणीचं. येळ्ळूरकर, मला दोन गोष्टी बघून सांगा. एक, उजव्या गोलात गाडी आत झुकायच्या आधी इंजिनचा आवाज बदलतो का? वाढतो, पडतो, की तसाच राहतो? दोन, त्या क्षणी तिचा डावा कोपर वाकलेला असतो की सरळ ताठ? मोबाइलवर शूट करा. समोरून नको, डाव्या बाजूनं आणि आवाजासकट.

चंदगडी

मध्येच विचारतो, राग मानू नका. मी चंदगड तालुक्यातला, पण कामाला रोज बेळगावात. इथंच टेस्ट देता येईल का? कोल्हापूर लांब पडतं हो.

सेवानिवृत्त गुरुजी

चंदगडीसाहेब, २०१९ च्या दुरुस्तीनंतर आपण ज्या राज्यात राहतो, धंदा करतो किंवा ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकतो त्या राज्यातल्या कोणत्याही परवाना कार्यालयात अर्ज करता येतो. पण राज्य तेच लागतं. तुमचा पत्ता महाराष्ट्राचा असेल तर अर्ज बहुधा महाराष्ट्रातच. बेळगावचा भाडेकरार वगैरे राहण्याचा मान्य पुरावा तुमच्याकडं असेल तर गोष्ट वेगळी. लायसन्स कुठूनही काढा, चालतं सगळ्या देशात.

येळ्ळूरकर, एक चांगली गोष्ट ध्यानात असू द्या. गिअरच्या गाडीवर टेस्ट पास झालं की बिनगिअरचीही पास धरली जाते, कायद्यातच तसं आहे. स्कूटरसाठी वेगळी टेस्ट द्यायला नको.

येळ्ळूरकर

आक्का, शूट केलं आणि बघून चाटच पडलो. आवाज वाढतो. वाढतो आणि लगेच गाडी आत कलंडायला लागते. आणि हो, डावा हात अगदी सरळ, काठीसारखा ताठ. डाव्या गोलात तसा नसतो.

वेगवान पाटील

आवाज वाढतो म्हणजे ती रेस जास्त देते. मनगट वळतंय. मी म्हटलंच होतं, थोडी हिंमत पाहिजे.

निपाणीची आक्का

पाटीलदादा, मनगट वळून रेस वाढली असती तर गाडी पुढं उसळली असती आणि गोलाच्या बाहेर पळाली असती. इथं आवाज वाढतोय आणि गाडी आत बसतीय. म्हणजे चाकाची ओढच तुटली. रेस आहे तेवढीच आहे, क्लच दाबला गेलाय, म्हणून इंजिन मोकळं होऊन वर ओरडतंय.

तो का दाबला जातो ते बघा. हँडल उजवीकडं पूर्ण वळवलं की उजवी मूठ पोटाजवळ येते आणि डावी मूठ लांब पुढं जाते. उंची कमी, हात आखूड, त्यात ती सीटवर मागं बसलेली असणार. डावा हात ताणला की बोटं आपोआप आखडतात, आणि बोटांत असते क्लचची लिव्हर. तिला कळतही नाही की आपण क्लच ओढला. ओढ तुटली की झुकलेल्या गाडीला उभं ठेवणारं काही राहत नाही. मग उजवा पाय जमिनीकडं जातो, म्हणजे मागचा ब्रेकही सुटतो. डाव्या गोलात हे होत नाही, कारण तिथं क्लचचा हात जवळ येतो, आणि पाय टेकावासा वाटला तरी तो डावा, ब्रेकचा नाही.

करायचं काय? आधी बसायची जागा बदला. तिला पुढं सरकून गुडघे टाकीला लागतील असं बसवा. वळताना नुसते हात नाही, खांदेही हँडलबरोबर उजवीकडं वळले पाहिजेत, म्हणजे डावा कोपर वाकलेला राहतो. गाडी आत झुकू दे, पण कमरेवरचं अंग सरळ किंवा किंचित बाहेरच्या बाजूला. कमी वेगात गाडीबरोबर अंगही आत टाकलं की तोल जातोच.

मग गाडी बघा. क्लचच्या लिव्हरला टोकाशी एक-दीड सेंटिमीटर मोकळा खेळ हवा. केबल फार ताणलेली असेल तर क्लच लिव्हरच्या अगदी शेवटी पकडतो आणि लहान बोटांना तिथं ताबा राहत नाही. मेकॅनिककडून पाच मिनिटांचं काम. चेनही बघा. सैल चेन हाफ क्लचला हिसके देते आणि दोष चालवणाऱ्याच्या माथी येतो.

आणि आठ सध्या बंद. आधी फक्त उजवा गोल, एकच दगड मध्ये ठेवून, सुरुवातीला ऐसपैस. फर्स्ट गिअर, रेस थोडीशी देऊन ती तिथंच धरून ठेवायची, हलवायची नाही. वेगाचं काम क्लच आणि पायाच्या ब्रेकचं. ब्रेकवर पंजा नुसता ठेवल्यासारखा, चाकाला जरा धरून ठेवण्यापुरता. गाडी आत पडतीय वाटलं तर क्लच केसभर सोडायचा. ओढ आली की गाडी स्वतःहून उभी होते. हे एकदा अंगात गेलं की पाय आपोआप वर राहतो.

कडोलीची लेक

आक्का, मला एक सांगा. मी स्कूटरवर टेस्ट देणार आहे. तिथं क्लच नाही, मग हे सगळं कशानं करायचं?

निपाणीची आक्का

ताई, तुमच्याकडं डाव्या हाताचा ब्रेक आहे. रेस थोडी आणि स्थिर, आणि डाव्या ब्रेकनं वेग धरायचा. रेस बंद-चालू, बंद-चालू केली की स्कूटर डुलते, कारण मूठ पूर्ण बंद झाली की तिची ओढही तुटते. नव्या स्कूटरना डावा ब्रेक जोरात दाबला तर पुढचाही थोडा लागतो, म्हणून हँडल वळलेलं असताना तो हळुवारच.

सेवानिवृत्त गुरुजी

आक्कांनी नजरेचं लिहायचं ठेवलं बहुतेक. माझ्या नातवाला त्याचाच त्रास होता. तो पुढच्या चाकाजवळच्या रेघेकडं बघायचा आणि नेमका तिच्यावरच जायचा.

निपाणीची आक्का

गुरुजी, बरं झालं आठवण केलीत. गोल जमल्यावर तेच सांगणार होते. आठमध्ये अवघड जागा म्हणजे मधला छेद, कारण तिथं गाडी क्षणभर सरळ उभी होऊन दुसऱ्या बाजूला झुकते. डाव्या गोलाचा शेवटचा भाग चालू असतानाच नजर छेदावर पाहिजे. गाडी छेदावर पोचते तेव्हा नजर तिथं नको, ती उजव्या गोलाच्या पलीकडच्या काठावर गेलेली पाहिजे, हनुवटीसकट. छेदावर पोचून मग मान वळवली तर उशीर होतो. वळण उशिरा सुरू होतं, हँडल जास्त तोडावं लागतं, आणि हात पुन्हा ताणला जातो.

दगडांमधलं अंतर आधी सात-आठ पावलं ठेवा, जमेल तसं कमी करा. टेस्टच्या मैदानावर आखणी वेगळी असू शकते, म्हणून ठरावीक मापाची सवय नको. नंबर यायच्या आधी दुसरे लोक कुठून वळतात ते उभं राहून बघून घ्यायचं.

येळ्ळूरकर

आक्का, तुमचे आभार कसे मानू! मामांच्या गाडीचा क्लच खरंच अगदी शेवटी पकडत होता. केबल नीट करून घेतली, बहीण पुढं सरकून बसली, आणि उजवा गोल आता पाय न टेकता होतोय. आठमध्ये अजून छेदावर जरा डगमगते, पण पाय वरच असतो. कोपर ताठ व्हायला लागला की मी बाहेरून "खांदा!" म्हणून ओरडतो.

चढाचं मात्र तसंच आहे. आणि खरं सांगा, दुचाकीच्या टेस्टला चढ घेतात का? आमच्या गल्लीतला एक जण म्हणतो, घेतच नाहीत.

सेवानिवृत्त गुरुजी

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, त्यातला नियम १५. टेस्टमध्ये काय काय बघायचं याची यादी तिथं आहे. चढावर थांबून, मागं न सरकता पुन्हा निघणं हे त्यात आहे. मैदान सपाट असेल तर प्रत्यक्षात कोणी घेत नसेल, पण नियमात नाही असं म्हणता येणार नाही.

वेगवान पाटील

माझ्या वेळी घेतलं नव्हतं. आठ काढली, सरळ गेलो, सही झाली.

निपाणीची आक्का

घेवोत न घेवोत, ती खानापूरकडच्या वाड्यांवर जाणार आहे. तिथं चढाला वळण असतं आणि समोरून ऊस भरलेला ट्रॅक्टर येतो. थांबावंच लागतं.

येळ्ळूरकर, ती चढावर थांबते तेव्हा दोन्ही पाय खाली टेकते का?

येळ्ळूरकर

हो, दोन्ही. पाय जेमतेम पोचतात, म्हणून चवड्यांवर.

निपाणीची आक्का

तिथंच सगळं आहे. दोन्ही पाय खाली म्हणजे पायाचा ब्रेक मोकळा, मग गाडी मागं येणारच. मागं यायला लागली की ती घाबरून क्लच एकदम सोडते, आणि गाडी बंद पडते. तुम्ही ज्या दोन तक्रारी लिहिल्यात त्या एकच आहेत.

थांबताना डावा पाय खाली, उजवा ब्रेकवर, हे पक्कं करा. उंची कमी असेल तर कंबर सीटवर डावीकडं थोडी सरकवायची, मग डावा तळवा पूर्ण टेकतो. जागाही निवडायची. रस्त्याच्या अगदी डाव्या कडेला डांबर बाहेर उतरतं, तिथं डाव्या पायाला जमीन आणखी खाली लागते. कडेपासून जरा आत थांबलं की पाय पोचतो.

निघताना असं. फर्स्ट गिअर, पायाचा ब्रेक दाबलेला. सपाटीपेक्षा थोडी जास्त रेस देऊन ती धरून ठेवायची. मग क्लच सावकाश सोडत आणायचा. एका जागी इंजिनचा आवाज जड होतो आणि गाडी पुढं जाऊ बघते, पण ब्रेकनं अडलेली असते. तिथं बोटं थांबवायची. या जागेची घाई करायची नाही, एक श्वास घ्यायचा. मग ब्रेक हळू सोडायचा. गाडी मागं आली नाही आणि पुढंही उसळली नाही तर जागा बरोबर सापडली. ब्रेक सोडल्यावर मागं आली तर क्लच अजून पकडलेला नव्हता, परत ब्रेक दाबायचा. आवाज घरघरत खाली बसायला लागला तर रेस कमी पडतीय, क्लच थोडा आत घ्यायचा. गाडी दोन-चार फूट पुढं गेल्यावरच क्लच पूर्ण सोडायचा. तिथपर्यंत तो धरलेला असू दे, पण त्याच्यावर मिनिटभर टांगून राहायचं नाही, प्लेटी जळतात.

राजहंसगडाचा चढ पहिल्याच दिवशी नको. आधी एखाद्या पुलाच्या किंवा शेताच्या बांधाजवळच्या हलक्या चढावर, जिथं गाड्या येत नाहीत तिथं. तुम्ही मागं उभं राहू नका, बाजूला उभे राहा.

कडोलीची लेक

पण आक्का, माझी मैत्रीण पुढच्या ब्रेकवर निघते. उजव्या हाताची दोन बोटं लिव्हरवर, बाकी बोटांनी रेस. ती म्हणते, मग दोन्ही पाय टेकता येतात. उंची कमी असलेल्यांना हेच सोपं नाही का?

निपाणीची आक्का

जमतं, काहींना छान जमतं. पण एकाच हातानं ब्रेक सोडायचा आणि रेस द्यायची म्हणजे नव्या माणसाचं एक तरी बिघडतं. दुसरं असं, चढावर भार मागच्या चाकावर जातो आणि पुढचं चाक हलकं होतं. आपल्याकडच्या लाल मातीच्या, खडी सुटलेल्या चढावर नुसत्या पुढच्या ब्रेकनं गाडी घसरत मागं येऊ शकते. डांबरावर चालेल.

वेगवान पाटील

मी तर कायम पुढच्याच ब्रेकवर निघतो आणि कधी घसरलो नाही. सवयीचा भाग आहे.

निपाणीची आक्का

असेल दादा. ज्याला दोन्ही येतं त्यानं हवं ते वापरावं. नव्याला मी पायाचाच आधी शिकवते.

हिंडलग्याचा मेकॅनिक

वरचं वाचलं. स्प्लेंडर जुनी हाय म्हणताय, तर आयडलिंग पण बघून घ्या. सकाळी थंड इंजिनवर आयडलिंग पडलेलं असलं तर चढावर गाडी बंद पडतीच, बाई कितीबी नीट चालवू दे. टेस्टला जाताना गाडी गरम करून न्या. टायरात हवा पण बरोबर पाहिजे. पुढच्या टायरात हवा कमी असली की हँडल जड होतंय, आणि आठमध्ये आधी तेच बाधतंय.

येळ्ळूरकर

नक्की बघतो. आता एक प्रश्न राहिला. टेस्टला मामांची एमएच पासिंगची गाडी चालेल ना? कागद सगळे आहेत, आरसी, विमा, पीयूसी.

वेगवान पाटील

कागद असले की झालं. गाडी कुठलीही असू दे.

सुळग्याचा संतू

माझ्या भाच्याला बाहेरच्या पासिंगची गाडी नको म्हणून सांगितलं होतं. मग शेजाऱ्याची केए २२ घेऊन गेला.

सेवानिवृत्त गुरुजी

मला तरी कायद्यात तशी मनाई दिसलेली नाही. पण दारात वाद घालून दिवस वाया घालवण्यापेक्षा स्लॉटच्या आधी कार्यालयात तोंडी विचारून घ्या. शक्य असेल तर इथलीच गाडी न्या. सूचना बहुधा कन्नडमधून मिळतात, तेव्हा डावं, उजवं, थांबा एवढं बहिणीच्या कानावर असू दे.

निपाणीची आक्का

दुसरी गाडी नेणार असाल तर तिच्यावर निदान दोन संध्याकाळी सराव हवाच. प्रत्येक गाडीचा क्लच वेगळ्या जागी पकडतो. मामांच्या गाडीवर हात बसवायचा आणि टेस्ट शेजाऱ्याच्या गाडीवर द्यायची, यात उजव्या गोलाची सगळी मेहनत जाते.

येळ्ळूरकर

बरोबर. उद्या विचारून येतो, नाही म्हणाले तर काकांची गाडी आजपासूनच मागून ठेवतो. आणि समजा नाही झाली पास, तर परत कधी?

सेवानिवृत्त गुरुजी

सात दिवसांनंतर परत देता येते. तीनदा नापास झालं तर मात्र शेवटच्या टेस्टपासून ६० दिवस थांबावं लागतं. लर्निंग लायसन्सची मुदत सहा महिन्यांची असते, तीही बघून ठेवा.

निपाणीची आक्का

पावसाचंही बघा. आदल्या रात्री पडला असेल तर मैदानावर रंगवलेल्या पांढऱ्या पट्ट्या निसरड्या होतात. गोल घेताना चाक पट्टीवर नको, पट्टीच्या आतून. आणि हँडल वळलेलं असताना पुढच्या ब्रेकला बोट लागता कामा नये, ओल्यात तर मुळीच नाही. थांबायचं असेल तर हँडल सरळ करायचं, मग ब्रेक. काकांची गाडी मिळाली की पहिल्या संध्याकाळचं शूटिंग इथं सांगा, डावा कोपर परत बघू.